दाण्याचा भाव हलता असताना बजेट वर्षाचे करावे की महिन्याचे?

प्रश्न: "आमचा प्लास्टिकची झाकणे बनवणारा छोटा कारखाना आहे. वर्षाच्या सुरुवातीला बजेट केले, पण पॉलिप्रॉपिलिनच्या दाण्याचा भाव इतका बदलला की पाचव्या महिन्यातच ते निरुपयोगी वाटू लागले. वार्षिक बजेट सोडून दर महिन्याला पुढे सरकणारे बजेट करावे का? की एवढा खटाटोप लहान कारखान्याला झेपत नाही?"

वार्षिक बजेट फाडू नका आणि दरमहाचे बजेटही टाळू नका. दोघांना वेगवेगळी कामे द्या. एका झाकणाला किती ग्रॅम दाणा लागावा, एका पाळीत किती नग निघावेत, स्थिर खर्च किती असावा, हे वार्षिक बजेटमध्ये ठरवा आणि वर्षभर हलवू नका. दाण्याचा भाव, हातातल्या ऑर्डरी, गिऱ्हाइकाचा दर कधी वाढणार आणि पैसे कधी येणार, हे मात्र दर महिन्याला नव्याने मांडा. भाव आणि वापर या दोन गोष्टी एकाच आकड्यात मिसळल्या की कुठलेही बजेट निकामी होते. तुमचे पाचव्या महिन्यात निरुपयोगी वाटू लागले त्याचे कारण बहुधा हेच आहे.

मी उत्पादन खर्चाच्या हिशेबाचे काम करतो आणि बहुतेक गिऱ्हाइके लहान कारखानदारच आहेत. प्रत्येकाला दरमहाचे बजेट लागतेच असे नाही. लागते की नाही हे पाहायला एक सोपा भागाकार करा. विक्रीवर तुमचा निव्वळ नफा किती टक्के आहे, त्याला विक्री दरात कच्च्या मालाचा वाटा किती आहे त्याने भागा. येणारा आकडा सांगतो की भाव किती टक्के वाढला म्हणजे नफा शून्यावर येईल. समजा नफा सव्वासहा टक्के आणि मालाचा वाटा साडेबासष्ट टक्के असेल, तर उत्तर दहा टक्के येते. आता स्वतःला विचारा: गिऱ्हाइकाकडून दर वाढवून घ्यायला मला जेवढे महिने लागतात, तेवढ्या काळात दाणा दहा टक्के हलू शकतो का? हलत असेल तर दरमहाचा अंदाज हवाच. मालाचा वाटा वीस टक्के असेल, किंवा पुरवठादाराशी वर्षाचा दर बांधलेला असेल, तर वार्षिक बजेट आणि तीन महिन्यांतून एकदा उजळणी एवढ्यावर भागते.

पॉलिप्रॉपिलिनच्या बाबतीत वर्षाचा भाव आधी सांगणे कुणालाच जमत नाही. कच्च्या तेलाकडे पाहून अंदाज करावा तर तोही पुरत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली, वीज गेली आणि तिथले पॉलिमरचे कितीतरी प्लांट एकदम बंद पडले. भाव उसळले ते त्या बंद प्लांटमुळे. असे काही घडल्यावर "आपला अंदाज चुकला" म्हणून हळहळण्यात अर्थ नसतो. चुकणारा आकडा बजेटच्या अशा जागी ठेवावा जिथे तो बदलला तरी बाकीचे बजेट शाबूत राहील.

आता तुमच्यासारख्याच एका कारखान्याचे उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत आणि कर बाजूला ठेवला आहे. चलन कुठलेही धरा.

महिन्याला दोन लाख झाकणे. बजेटमध्ये एका झाकणाला सगळी घट धरून ५० ग्रॅम दाणा, म्हणजे महिन्याला १०,००० किलो. दाण्याचा भाव किलोला १००, म्हणजे झाकणामागे माल ५ चा. वीज, पॅकिंग वगैरे नगामागे १. स्थिर खर्च महिन्याला ३ लाख. विक्री दर ८. महिन्याची विक्री १६ लाख, माल १० लाख, वीज-पॅकिंग २ लाख, स्थिर खर्च ३ लाख, नफा १ लाख.

पाचव्या महिन्यात झाकणे दोन लाखच निघाली, पण दाणा ११२ ने वापरला गेला आणि १०,००० ऐवजी १०,४०० किलो लागला. मालाचा खर्च ११,६४,८०० झाला. बजेटपेक्षा १,६४,८०० जास्त, म्हणजे एक लाख नफ्याच्या जागी ६४,८०० तोटा.

नुसते वार्षिक बजेट असलेल्या ठिकाणी या महिन्याची बैठक कशी होते ते मी बऱ्याचदा पाहिले आहे. मालक विचारतो, मालावर एवढा जादा खर्च का? उत्तर येते, भाव वाढला. ते खरेही असते, त्यामुळे विषय तिथेच संपतो. पण आकडा फोडून पाहा. किलोमागे १२ जादा गेले ते १०,४०० किलोंवर, म्हणजे १,२४,८००. उरलेले ४०,००० हे ४०० किलो जादा वापराचे आहेत, बजेटच्या १०० या भावाने मोजलेले. ते ४०० किलो कुठल्याही बाजाराने नेलेले नाहीत, ते तुमच्याच छपराखाली गेले. एक लाखाच्या नफ्यात चाळीस हजार ही फार मोठी रक्कम आहे. भाववाढीच्या मागे ती महिनोन्‌महिने लपून राहते.

(जादा वापर मी मुद्दाम बजेटच्या भावाने मोजतो, चालू भावाने नाही. मशीनवरच्या माणसाच्या हातात ग्रॅम आहेत, बाजार नाही. भाव वाढला म्हणून त्याच्या नावावर मोठा आकडा टाकणे योग्य नाही. आणि एक काळजी घ्या: नगांची संख्या बजेटपेक्षा कमी-जास्त झाली असेल तर आधी प्रत्यक्ष नगांना ५० ग्रॅमने गुणून किती दाणा लागायला हवा होता ते काढा, मग तुलना करा. दीड लाख झाकणांचा वापर दोन लाखांच्या बजेटशी ताडला तर बचत झाल्यासारखे दिसेल.)

आता उलटी बाजू. समजा तुम्ही वार्षिक बजेट सोडले आणि दर महिन्याला मागच्या महिन्यांच्या प्रत्यक्ष आकड्यांवरून पुढचे बजेट केले. चौथ्या महिन्याच्या शेवटी अकाउंटंटने पाहिले की भाव ११२ झाला आहे आणि वापर ५२ ग्रॅमवर आला आहे. त्याने प्रामाणिकपणे दोन्ही आकडे पुढच्या बजेटमध्ये टाकले. पाचव्या महिन्याचे बजेट झाले ११,६४,८०० आणि खर्चही झाला ११,६४,८००. फरक शून्य. कागदावर सगळे आलबेल आणि ते दोन ग्रॅम कायमचे प्रमाण होऊन बसले. पुढे ५२ चे ५३ झाले तरी फरक फक्त एका ग्रॅमचा दिसेल आणि महिन्याभरात तोही मुरेल. दरमहाचे बजेट करणाऱ्या लहान कारखान्यांत मला सर्वात जास्त दिसलेला बिघाड हाच. भाव अचूक असतो, अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फरक जवळजवळ नसतो, आणि तरीही नफा झिरपत राहतो. हे ओळखण्याची खूण सोपी आहे: अंदाज दर महिन्याला बरोबर येतोय आणि नगामागे ग्रॅम मात्र वर्षाच्या सुरुवातीपेक्षा वाढलेत.

ते ग्रॅम जातात कुठे, हे पाहायला हिशेबाची वही पुरत नाही, वजनकाटा लागतो. एका कारखान्यात आम्ही प्रत्येक पाळीत प्रत्येक कॅव्हिटीमधली दहा-दहा झाकणे तोलायला लावली. झाकण ठरल्यापेक्षा जड येत होते. झाकणाच्या वरच्या बाजूला खळगे पडतात म्हणून ऑपरेटरने होल्डिंग प्रेशर वाढवले होते. खळगे गेले, पण प्रत्येक झाकणात थोडा जास्त दाणा दाबला जाऊ लागला. मुळातला दोष मोल्डच्या थंड पाण्यात होता: पाण्याची वाट क्षाराने अर्धी बुजली होती. उरलेला जादा वापर रंग बदलताना निघणाऱ्या गोळ्यांचा होता. त्या दळून परत वापरायच्या असतात, पण मिसळलेल्या रंगाच्या म्हणून पिशव्या भरून मागे पडल्या होत्या आणि साठ्यात त्यांची नोंदच नव्हती. पाण्याची वाट साफ केली, पिशव्या मोजून काळ्या झाकणांत वापरायला काढल्या आणि ग्रॅम खाली आले. हा शोध लागला तो कुठेतरी "५० ग्रॅम" हा न हललेला आकडा लिहिलेला होता म्हणून. तो आकडाही दरमहा सरकला असता तर काटा आणायचे कुणाला सुचलेच नसते.

म्हणून मी तीन रकाने ठेवायला सांगतो: मूळ बजेट, ताजा अंदाज, प्रत्यक्ष. मूळ बजेटच्या रकान्याला वर्षभर कुणीही हात लावायचा नाही. ताज्या अंदाजात भाव, नगसंख्या आणि तारखा मोकळेपणाने बदलायच्या. पण ग्रॅम, सायकल टाइम आणि नाकारलेल्या मालाचे प्रमाण अंदाजातही मूळ बजेटमधूनच यायला हवे. एखादे प्रमाण खरेच बदलले, म्हणजे मोल्ड नवा आला किंवा गिऱ्हाइकाने झाकणाचे डिझाइन बदलले, तर कारण लिहून मालकाच्या सहीने बदलायचे. "गेल्या तीन महिन्यांची सरासरी" हे कारण चालणार नाही.

एवढे झाले की दरमहाच्या अंदाजाचे खरे काम सुरू होते, आणि ते आहे रोख रकमेचे. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण भाव वाढल्यावर लहान कारखाना अडतो तो बहुतेक वेळा इथे.

वरचाच कारखाना घ्या. वापर ५० ग्रॅमच आहे असे धरा. एका महिन्याचा दाणा साठ्यात असतो, पुरवठादाराला खरेदी करतानाच पैसे द्यावे लागतात, गिऱ्हाइक साठ दिवसांनी देते आणि विक्री दर तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो. पहिल्या महिन्यात दाणा १०० चा ११२ झाला. त्या महिन्यापासून खरेदीला दरमहा १,२०,००० जादा लागू लागले. पण साठ्यात जुन्या भावाचा माल असल्याने पहिल्या महिन्याच्या नफ्यात काहीच फरक दिसला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात नफ्याला १,२०,००० चा फटका बसला. चौथ्या महिन्यापासून गिऱ्हाइकाने झाकणामागे ६० पैसे वाढ मान्य केली आणि नफा पूर्ववत झाला. नफा-तोटा पाहणाऱ्याला वाटेल, एकूण २,४०,००० चे नुकसान झाले आणि प्रकरण मिटले.

बँक खाते वेगळेच सांगेल. वाढीव दराचा पहिला पैसा साठ दिवसांनी, म्हणजे सहाव्या महिन्यात येणार. तोपर्यंत पाच महिने दरमहा १,२०,००० जादा बाहेर गेले. खड्डा ६ लाखांचा, म्हणजे बजेटमधल्या सहा महिन्यांच्या नफ्याएवढा. त्यातले २,४०,००० गेलेला नफा, २,४०,००० गिऱ्हाइकांकडे अडकलेली वाढ आणि १,२०,००० त्याच दहा हजार किलोंच्या महागलेल्या साठ्यात. शेवटचे दोन्ही आकडे तोटा नाहीत, भाव उतरल्यावर ते सुटतील. पण पाचव्या महिन्याच्या पगाराला ते उपयोगी पडत नाहीत.

या खड्ड्याची तारीख आणि खोली पहिल्याच महिन्यात सांगणे, हे दरमहाच्या अंदाजाचे सर्वात मोलाचे काम. पहिल्या महिन्यात कळले तर तुमच्याकडे वाटा असतात. बँकेकडे मर्यादा वाढवून मागता येते, दर बदलण्याचा मुद्दा लवकर काढता येतो, एखाद्या गिऱ्हाइकाला लवकर पैसे दिल्यास सवलत देता येते, साठा तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणता येतो. चौथ्या महिन्यात कळले तर यातल्या बहुतेक वाटा बंद झालेल्या असतात. वार्षिक बजेटला हे सांगता येत नाही, कारण त्यात भाव १०० वरच थांबलेला असतो.

यावरूनच किती महिने पुढचे पाहायचे तेही ठरते. पुस्तकात बारा महिने पुढे सरकवायला सांगतात. मोठ्या कंपन्यांना ते ठीक आहे, पण लहान कारखान्यात नवव्या-दहाव्या महिन्याचा भाव लिहिणे म्हणजे निव्वळ आकडे भरणे. त्यापेक्षा दर बदलायला लागणारे महिने आणि त्यानंतर वसुलीला लागणारे महिने यांची बेरीज करा आणि एक महिना जास्त धरा. वरच्या उदाहरणात तीन अधिक दोन अधिक एक, म्हणजे सहा. त्यातले पहिले तीन महिने महिन्यागणिक नीट मांडा, पुढचे तीन एकत्र धरले तरी चालतील. तुमचा दर दर महिन्याला बदलत असेल आणि गिऱ्हाइक तीस दिवसांत देत असेल, तर तीन महिनेही पुरतील.

अंदाजात भाव कुठला टाकायचा, यावर बराच गोंधळ होतो. भविष्य वर्तवू नका. ज्या मालाची ऑर्डर देऊन झाली आहे त्याला ठरलेला भाव टाका. बाकीच्याला आज पुरवठादार जो भाव सांगतो तोच पुढच्या सगळ्या महिन्यांना लावा. मग तेच गणित दहा टक्के वर आणि दहा टक्के खाली धरून दोनदा करा आणि फक्त रोख शिल्लक कुठल्या महिन्यात किती खाली जाते ते पाहा. भाव कुठे जाईल ते कळले नाही तरी तो तिथे गेला तर आपण तग धरू की नाही, हे कळते.

गिऱ्हाइकाला कोटेशन देताना मात्र साठ्याचा सरासरी भाव चुकूनही वापरू नका. गोदामात दाणा १०४ च्या सरासरीने पडला असेल आणि आजचा भाव ११२ असेल, तर कोटेशन ११२ वर. आज घेतलेल्या ऑर्डरीचा माल तुम्ही उद्याच्या खरेदीतून बनवणार आहात. चढत्या बाजारात सरासरीवर कोटेशन देणाऱ्याच्या पुस्तकात नफा छान दिसतो आणि पुढची खरेदी करायला पैसे कमी पडतात.

उतरत्या बाजारात धोका उलटा असतो आणि लोक त्याकडे कमी लक्ष देतात. चढत्या भावाला घाबरून दोन महिन्यांचा दाणा, म्हणजे वीस हजार किलो, ११२ ने भरून ठेवला आणि भाव परत १०० वर आला. गिऱ्हाइकांना भाव उतरल्याचे तुमच्याइतकेच लवकर कळते. त्यांनी लगेच दर उतरवून मागितला तर त्या साठ्यावर २,४०,००० गेले. त्यामुळे दरमहाच्या अंदाजात साठ्याचे दिवस ही ओळ हवीच, आणि जास्त साठा भरायचा निर्णय घेण्याआधी दहा टक्के खाली असलेले गणित समोर ठेवायला हवे.

बजेट पूर्णपणे सोडून द्यावे असे सांगणारे स्वीडनच्या हँडल्सबँकेचा दाखला देतात. या बँकेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नेहमीची बजेट पद्धत सोडली आणि ती उत्तम चालली, हे खरे आहे. पण तिच्याकडे पुष्कळ शाखा होत्या आणि एका शाखेची कामगिरी दुसऱ्या शाखांशी ताडून पाहता येत होती. मोजपट्टी होतीच, फक्त ती बजेटमध्ये नव्हती. एकाच छपराखालच्या कारखान्याला शेजारी ताडून पाहायला दुसरा कारखाना नसतो. त्याची मोजपट्टी म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला विचार करून लिहिलेले ते ५० ग्रॅम. म्हणून तो दाखला आपल्याला लागू पडत नाही असे मला वाटते.

एक गोष्ट कुठल्याही बजेटने सुटत नाही. गिऱ्हाइकाशी वर्षभराचा बांधलेला विक्री दर असेल आणि दाणा मात्र बाजारभावाने घ्यायचा असेल, तर दरमहाचा अंदाज तुम्हाला तोटा आधी दाखवेल, पण थांबवू शकणार नाही. तिथे उपाय करारात आहे. पुढच्या नूतनीकरणात भाव-बदलाचे कलम मागा. पायाभूत भाव कुठला, तो कुठल्या प्रसिद्ध दरपत्रकावरून घ्यायचा, किती टक्क्यांच्या वर हलला की दर बदलायचा आणि किती दिवसांत लागू व्हायचा, हे चारही लिहून घ्या. वाढ नगामागे ग्रॅमने मोजा: ५० ग्रॅम, किलोला १२ वाढ, म्हणून झाकणाला ६० पैसे. असे गणित समोर ठेवले की खरेदी विभागाला ते वरच्यांना समजावता येते आणि घासाघीस कमी होते. भाव उतरल्यावर दर उतरवायची तयारीही त्याच कलमात ठेवा, नाहीतर ते मान्य होत नाही. एक लक्षात घ्या: गिऱ्हाइक ५० ग्रॅमचे पैसे देईल, तुमच्या ५२ चे नाही. वाढ पूर्ण मिळाली तरी ते जादा ४०० किलो आता ११२ ने, म्हणजे महिन्याला ४४,८०० ला पडतात. भाव चढतो तशी घट महाग होते, आणि नेमके तेव्हाच सगळ्यांचे लक्ष भावाकडे असते.

खटाटोपाबद्दल विचारलेत. सगळे बजेट दरमहा नव्याने करायचे म्हटले तर लहान कारखान्याला ते खरेच झेपत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत बंद पडते. पण दरमहा बदलायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: दाण्याचा भाव, हातातल्या ऑर्डरीचे नग, विक्री दर बदलण्याची तारीख, वसुलीचे दिवस, साठ्याचे दिवस आणि विजेचा दर बदलला असेल तर तो. भाडे, पगार, विमा, व्याज यांना हात लावायची गरज नसते. मूळ पत्रक नीट बांधलेले असेल, म्हणजे भाव एकाच चौकटीत लिहून बाकी सगळीकडे तिथूनच येत असेल, तर महिना बंद झाल्यावर हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. दिवस मात्र ठरवून ठेवा, महिन्याच्या पहिल्या पाच कामाच्या दिवसांतला एखादा. वीस तारखेला हातात येणारा अंदाज त्या महिन्याच्या खरेदीला उपयोगी पडत नाही.

तुम्ही आता पाचव्या महिन्यात आहात, तर सुरुवात अशी करा. जुने बजेट जसेच्या तसे ठेवा. त्यात मालाचा खर्च एकाच रकमेने लिहिला असेल तर तो तेव्हाच्या गृहीतकांवरून फोडा: नगामागे ग्रॅम किती धरले होते आणि किलोचा भाव किती. त्या वेळचे ग्रॅम कुठेच लिहिलेले नसतील, तर मोल्डच्या ट्रायलच्या वेळचे झाकणाचे वजन काढा, त्यात वाजवी घट मिळवा आणि ते प्रमाण म्हणून धरा. गेल्या चार महिन्यांची सरासरी घेऊ नका, तिच्यात गळती आधीच मिसळलेली असेल. मग चारही महिन्यांचा फरक भाव आणि वापर असा वेगळा करा. दळलेला आणि रंग बदलताना निघालेला माल आधी तोलून साठ्यात घ्या, नाहीतर वापराचा आकडा फुगलेला येईल. हे झाले की आजच्या भावाने पुढच्या सहा महिन्यांची रोख मांडा. फरकात वापराचा वाटा मोठा निघाला तर आधी वजनकाटा मशीनपाशी न्या. भावाचा निघाला तर रोख शिल्लक सर्वात खाली जाणारा महिना शोधा आणि त्याच आठवड्यात बँकेशी आणि तुमच्या सर्वात मोठ्या दोन गिऱ्हाइकांशी बोला.